कंपोझिशन घ्यायचं की नाही, हे एक टक्का बघून ठरवू नका

मार्च जवळ आला की माझ्या ऑफिसात दर दोन दिवसांनी कुणीतरी येऊन तेच वाक्य बोलतं: "ते एक टक्कावालं करून टाका, कटकट नको." सांगणारा कधी शेजारचा दुकानदार असतो, कधी मेहुणा, कधी मोबाइलवर आलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ. मी मिरजेत व्हॅटच्या काळापासून छोट्या दुकानांचे हिशेब बघतोय. कंपोझिशन म्हणजे जीएसटीतली छोट्या धंद्यांची योजना: खरेदीवरचा टॅक्स वजा न घेता विक्रीवर ठरावीक टक्का भरायचा. तिच्यात मी लोकांना घातलंय तसं बाहेरही काढलंय. "छोटा धंदा आहे ना, मग कंपोझिशन घ्या" हा सल्ला ऐकला की मला राग येतो, कारण त्यात दोन प्रश्न विचारलेलेच नसतात. तुमचा नफा किती टक्के आहे, आणि तुमचं गिऱ्हाईक कोण आहे?

तुमच्याकडे जीएसटी नंबर आहे, पोर्टलचा पासवर्ड आहे आणि गेल्या वर्षाची विक्री-खरेदी बेरजेसकट तयार आहे, असं धरून पुढचं लिहितो.

दार उघडं आहे का

गेल्या आर्थिक वर्षाची एकूण उलाढाल दीड कोटीपर्यंत हवी. ईशान्येतली बहुतेक राज्यं आणि उत्तराखंड इथे ही मर्यादा ७५ लाख आहे. फक्त सेवा देणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे, ती ५० लाखांपर्यंत. एकूण उलाढाल म्हणजे एका पॅनवरची सगळ्या दुकानांची मिळून, आणि त्यात करमाफ मालही धरायचा. सुट्टं धान्य विकणारा किराणावाला "त्यावर टॅक्सच नाही" म्हणून ते सोडून देतो आणि मर्यादा ओलांडल्याचं त्याला कळतही नाही. एका पॅनवर दोन नोंदण्या असतील तर दोन्ही कंपोझिशनमध्ये न्याव्या लागतात. एक आत आणि एक बाहेर असं चालत नाही.

आइस्क्रीम, पान मसाला, तंबाखूचा माल, सोडायुक्त थंड पेयं, विटा आणि कौलं बनवणाऱ्यांना ही योजना नाही. बनवणाऱ्यांना नाही, विकणाऱ्यांना आहे. भट्टीवाल्याला दार बंद, पण त्याच्या विटा आणून विकणाऱ्याला उघडं.

दुसऱ्या राज्यात माल विकायचा नाही. तिथून आणायला मात्र हरकत नाही. आमच्याकडे हे रोजचं आहे, कारण कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीची गिऱ्हाइकं मिरजेला खरेदीला येतात. काउंटरवरून माल उचलून नेणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहायची गरज नसते, आणि उगाच लिहूही नका. १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर नुसतं राज्याचं नाव आलं तरी तो पत्ता मानला जातो आणि विक्री त्या राज्यातली ठरते. तुम्ही टेंपो भरून माल कर्नाटकात पोचवत असाल तर मात्र पत्ता लिहा किंवा लिहू नका, ती राज्याबाहेरची विक्रीच आहे. मग कंपोझिशनचा विचार सोडा.

एक टक्क्याचा हिशेब

इथेच मी स्वतः आपटलोय, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मर्यादा एक कोटीवरून दीड कोटी झाली, तेव्हा मी एका किराणा दुकानदाराला मोठ्या उत्साहानं कंपोझिशनमध्ये घातलं. तेल, साखर, चहा, मसाले असा त्याचा करपात्र माल जवळजवळ सगळा ५ टक्क्यांचा. मी त्याला म्हणालो, "पाचाच्या जागी एक भरायचा, अजून काय हवं?" वर्ष संपल्यावर तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, कागद कमी झाले, पण पैसेही कमी झाले." मी हिशेब मांडला आणि मान खाली घातली.

साल धरा साधारण ६० लाखांची करपात्र विक्री, टॅक्स न धरता, आणि त्यावर ८ टक्के नफा. म्हणजे माल ५५ लाख २० हजारांचा. नेहमीच्या पद्धतीत तो गिऱ्हाइकाकडून ३ लाख टॅक्स घेणार, खरेदीवर भरलेले २ लाख ७६ हजार वजा करणार आणि सरकारला २४ हजार देणार. कंपोझिशनमध्ये गिऱ्हाईक तेवढेच पैसे देतं, म्हणजे ६३ लाख. त्यावर एक टक्का झाला ६३ हजार. खरेदीवरचा टॅक्स दोन्हीकडे घाऊकवाल्याला द्यावाच लागला. फरक इतकाच की पहिल्या पद्धतीत तो वजा झाला आणि दुसऱ्यात मालाच्या किमतीत मुरला. त्यामुळे गल्ल्यातून वर्षाला ३९ हजार जास्त गेले, आणि ते माझ्या सल्ल्यानं.

माझी चूक अशी की मी पाचाची तुलना एकाशी केली. नेहमीच्या पद्धतीत तुम्ही ५ टक्के भरतच नाही. तुम्ही भरता तुमच्या नफ्याच्या ५ टक्के, आणि कंपोझिशनमध्ये भरता सगळ्या विक्रीचा एक टक्का, तोही टॅक्ससकट आलेल्या रकमेवर. कुठला आकडा मोठा, हे नफ्याच्या टक्क्यावर ठरतं.

त्यासाठी मी एक सूत्र भिंतीवर चिकटवून ठेवलंय:

```
(१०० + दर) ÷ दर = किमान नफा टक्के
```

मालाचा दर १८ असेल तर ११८ भागिले १८, म्हणजे साधारण साडेसहा. नफा त्याच्या वर असेल तर कंपोझिशन परवडतं. दर ५ असेल तर १०५ भागिले ५, म्हणजे २१. पाच टक्क्यांचा माल विकणाऱ्याचा नफा २१ टक्क्यांच्या वर नसेल तर कंपोझिशनमध्ये तो टॅक्स जास्तच भरतो. लोकांना वाटतं त्याच्या हे नेमकं उलटं आहे. कमी टॅक्सचा माल विकणारा "माझा तर छोटा दर" म्हणत कंपोझिशनमध्ये शिरतो आणि फसतो. इलेक्ट्रिकचं सामान विकणाऱ्याला मात्र ते फायद्याचं पडतं, फक्त त्याची गिऱ्हाइकं घरगुती हवीत.

नफा कशावर मोजायचा तेही बघा. आपले दुकानदार खरेदीवर टक्के लावतात: शंभरचा माल सव्वाशेला विकला की २५ टक्के. सूत्रातला नफा विक्रीवरचा आहे, टॅक्स न धरलेल्या विक्रीवरचा. त्या हिशेबानं तो २० टक्केच होतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथे चुकतात, आणि चूक नेहमी स्वतःच्या आवडीच्या बाजूला होते.

भांड्यांच्या दुकानाची गोष्ट

२२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले आणि स्टील, तांबं, ॲल्युमिनियमची भांडी १२ वरून ५ टक्क्यांवर आली. दिवाळी उरकल्यावर आमचा एक जुना भांडीवाला आला. गेली काही वर्षं तो कंपोझिशनमध्ये होता आणि खूशही होता. आल्याबरोबर म्हणाला, "दर उतरला, पण आपला एक टक्का आहे तोच. मग आपल्याला काय फरक?"

फरक सगळाच. त्याची वर्षाची विक्री टॅक्स न धरता ८० लाख, नफा विक्रीवर १५ टक्के, म्हणजे १२ लाख. खरेदी ६८ लाखांची. दर १२ होता तेव्हा गिऱ्हाइकाकडून यायचे ८९ लाख ६० हजार. नेहमीच्या पद्धतीत त्याला नफ्यावरचा टॅक्स भरावा लागला असता १ लाख ४४ हजार. कंपोझिशनमध्ये तो भरत होता ८९ हजार ६००. वर्षाला ५४ हजार ४०० वाचत होते, त्यामुळे तो खूश होता ते बरोबरच होतं.

आता दर ५, किमतीही तेवढ्याच उतरल्या असं धरलं. गल्ल्यात येणार ८४ लाख. नेहमीच्या पद्धतीत भरायचे ६० हजार, कंपोझिशनमध्ये ८४ हजार. दुकान तेच, माल तोच, नफा तोच, पण ५४ हजारांच्या फायद्याच्या जागी २४ हजारांचा तोटा. १२ च्या दराला किमान नफा सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास लागत होता, तो २१ वर गेला. त्याचा होता १५.

वर भाडं आहेच. दुकानमालक जीएसटीत नोंदलेला, महिना १५ हजार भाडं आणि त्यावर १८ टक्क्यांनी २,७००. वर्षाचे ३२ हजार ४०० कंपोझिशनवाल्याला वजा मिळत नाहीत. मालाच्या हिशेबात हे कुणी धरत नाही, कारण भाड्याचं बिल वेगळ्या फायलीत असतं. पूर्वीच्या फायद्यातूनही हे जातच होतं, तरी २२ हजार उरत होते. आता तोट्यात त्याची भर पडून ५६ हजार झाले. (मालकाची नोंदणी नसेल तर १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्याला त्या भाड्यावरचा टॅक्स मालकाऐवजी स्वतः भरावा लागत नाही. नेहमीच्या पद्धतीतल्याला भरावा लागतो, पण त्याला तो वजाही मिळतो.)

ज्यांचा माल १२ वरून किंवा १८ वरून ५ वर आलाय आणि जे जुन्या सवयीनं कंपोझिशनमध्येच बसून आहेत, त्यांनी हा हिशेब पुन्हा करायलाच हवा. दर बदलला तेव्हा कुणी घरी येऊन सांगितलं नसणार.

गिऱ्हाईक कोण

कंपोझिशनवाला बिलात टॅक्स लावू शकत नाही, म्हणून घेणाऱ्याला वजावट मिळत नाही. घरी कुकर नेणाऱ्या काकूंना त्याचं काही नाही. पण एखादा नोंदणी असलेला, टॅक्स वजा घेणारा केटरर एक लाख पाच हजारांची पातेली घेतो, तेव्हा दुसऱ्या दुकानात त्यातले पाच हजार त्याला वजा मिळतात आणि तुमच्याकडे मिळत नाहीत. तो पाच हजार कमी करायला लावेल, नाहीतर दुसऱ्या दुकानात जाईल. वरच्या सूत्रात ही सूट धरलेली नाही. माझा ठोकताळा असा की विक्रीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त माल जीएसटी नंबर मागणाऱ्यांकडे जात असेल तर सूत्र मांडतच बसू नये. कारखान्यांना सुटे भाग देणाऱ्यानं तर कंपोझिशनचं नावही काढू नये.

खानावळींचं गणित वेगळं आहे. दारू न देणाऱ्या खानावळीला कंपोझिशनमध्येही ५ टक्के आणि साध्या खानावळीला नेहमीच्या पद्धतीतही ५ टक्के, वजावट दोन्हीकडे नाही. फरक एवढाच की कंपोझिशनमध्ये ते पाच गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाहीत. तिथे मी सहसा बाहेरच राहायला सांगतो. सेवा देणाऱ्याला ६ टक्के पडतात. घरगुती गिऱ्हाइकांची दुरुस्ती करणाऱ्यासारखा, ज्याची खरेदी थोडी आणि बहुतेक बिल मजुरीचं, त्याला ते चांगलं जमतं.

राहिला कागद कमी होण्याचा मुद्दा. तो खरा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. नेहमीच्या पद्धतीतही पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणं भरता येतात. पगारी माणूस ठेवावा लागण्याइतका फरक पडत नाही.

आत जायचं ठरलं तर

३१ मार्चच्या आत पोर्टलवर Services मध्ये Registration खाली Application to Opt for Composition Levy उघडून CMP-02 भरा. नवीन नोंदणी असेल तर अर्जातच पर्याय निवडता येतो.

पुढचा ITC-03 मात्र लोक विसरतात. ३१ मार्चला शिल्लक असलेल्या मालावर आधी जी वजावट घेतली असेल ती परत करायची असते, आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेच्या आत. हिशेब खरेदीच्या बिलांवरून होतो. १२ नं घेतलेला माल असेल तर बाराच परत करायचे, आजचा दर कितीही असो. क्रेडिट लेजरमध्ये तेवढी शिल्लक नसेल तर रोख भरा, आणि शिल्लक जास्त असेल तर उरलेली बुडते. म्हणून मार्चमध्ये मोठी खरेदी करून कंपोझिशनमध्ये जाऊ नका. आधी माल हलवा, मग जा. जुनी बिलं सापडत नसतील तर बाजारभावानं अंदाज करावा लागतो आणि त्यावर सीएची सही लागते.

आत असताना

बिलाच्या नावात Bill of Supply आणि माथ्यावर "composition taxable person, not eligible to collect tax on supplies" ही ओळ. दुकानाच्या पाटीवरही composition taxable person. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जुनी पद्धत राहून गेली आणि बिलावर टॅक्स छापला गेला, तर तो पैसा सरकारचा आणि वर दंड तुमचा.

दर तिमाहीनंतरच्या १८ तारखेपर्यंत CMP-08 भरून पैसे भरा. सलग दोन तिमाह्या चुकल्या की ई-वे बिल बंद होतं. व्यापाऱ्याला एक टक्का करपात्र विक्रीवरच असतो, उत्पादकाला सगळ्या उलाढालीवर.

भांडीवाल्यांना मुद्दाम सांगतो: मोड घेऊन विकलेल्या भांड्याची विक्री मोड वजा करून लिहू नका. पितळेची घागर २,४०० ला ठरली, गिऱ्हाइकानं ९०० ची जुनी मोड दिली आणि १,५०० रोख दिले, तर विक्री २,४०० चीच. ती मोड तुम्ही पुढे भंगारवाल्याला विकाल, तीही विक्रीच.

वर्षाचं GSTR-4 ३० जूनपर्यंत भरायचं. त्यात तक्ता ६ रिकामा सोडायचा नाही. CMP-08 मध्ये भरलेले आकडे तक्ता ५ मध्ये आपोआप येतात, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. तक्ता ६ मध्ये वर्षाची विक्री दरानुसार लिहिली नाही तर पोर्टल समजतं की तुमचं देणं शून्य होतं आणि तुम्ही जास्त भरलंय. तो "जास्त" भरणा Negative Liability Statement मध्ये जमा दिसतो आणि पुढच्या तिमाहीत त्यातून टॅक्स वळता होतो. दुकानदार खूश होतो, आणि पुढे कधीतरी ती रक्कम परत मागितली जाते. माझ्याकडे असं प्रकरण आलं तेव्हा दुकानदारानं मलाच विचारलं, "पोर्टलनंच दिलं होतं ना?" दिलं होतं, पण ते त्याचं नव्हतं.

बाहेर पडताना

वर्षाच्या मध्येच उलाढाल दीड कोटीच्या वर गेली, तर ज्या दिवशी गेली त्या दिवसापासून योजना संपते. तिमाही संपायची वाट बघायची नाही. त्या दिवसापासून टॅक्सचं बिल, आणि सात दिवसांत CMP-04, म्हणजे बाहेर पडल्याचा फॉर्म. सव्वा कोटी झाले की मी रोजच्या विक्रीची बेरीज फोनवर मागवायला लागतो, विशेषतः धनत्रयोदशीच्या आधी.

स्वतःहून बाहेर पडायचं असेल तर ज्या तारखेपासून पडायचं त्याच्या आधी CMP-04. वर्षअखेरीची गरज नाही. पण पुन्हा आत जायला पुढचा एप्रिलच लागतो. आमच्या भांडीवाल्यानं १ जानेवारी २०२६ पासून बाहेर पडायचं ठरवलं, आणि मग त्याच्या वाट्याला ITC-01 आलं. आत जाताना शिल्लक मालाची वजावट परत करायची असते, तशी बाहेर पडताना ती मिळते. अर्ज ३० दिवसांत करायचा. दोन लाखांच्या वर असेल तर सीएचा दाखला जोडायचा.

३१ डिसेंबरला दुकान बंद करून आम्ही माल मोजला. २२ लाखांचा भरला. वजावट फक्त एक वर्षाच्या आतल्या बिलांवर मिळते, म्हणून प्रत्येक रॅकसमोर उभं राहून बिल शोधायचं. ९ लाखांचा माल दर उतरल्यानंतर ५ टक्क्यांनी घेतलेला, त्याचे ४५ हजार. ५ लाखांचा माल २२ सप्टेंबरच्या आधी १२ टक्क्यांनी घेतलेला, त्याचे ६० हजार. हा माल विकताना तो ५ च लावणार, पण घेताना दिलेले १२ त्याला पूर्ण मिळाले. असे १ लाख ५ हजार.

उरलेला ८ लाखांचा माल वरच्या माळ्यावर होता. तांब्याचे बंब, मोठे हंडे, लग्नाच्या रुखवताची पितळी भांडी, कागदात गुंडाळलेली, काहींवर तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी. बिलं होती, व्यवस्थित फायलीत लावलेली, पण वर्षाच्या पलीकडची. त्यांचं काही मिळालं नाही. शिडीवरून उतरताना तो म्हणाला, "हे बंब निदान आता तरी विकायला हवेत." मी त्याला १८ एप्रिलच्या CMP-08 ची आठवण करून दिली नाही, कारण ती आता त्याला लागू नव्हती. ३० जूनच्या GSTR-4 ची मात्र दिली. वर्षाचे नऊ महिने तो कंपोझिशनमध्येच होता.